138 ची नोटीस आली: उत्तर लिहिण्याआधी काय हाताशी हवं

चेक परत गेल्याची नोटीस घेऊन माणूस वकिलाच्या ऑफिसात येतो तेव्हा बहुतेक वेळा नोटीस असते, पाकीट नसतं. ते फाडून टाकलेलं असतं. म्हणून पहिलं काम हेच की पाकीट जपा आणि त्यावर ते हातात पडल्याची तारीख पेनाने लिहा. बुकिंग नंबरावरून पोस्टाच्या साइटवरचा डिलिव्हरीचा तपशील काढून त्याची प्रिंटही लावून ठेवा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 मधले पंधरा दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून नव्हे, ती मिळाल्यापासून मोजतात आणि मिळाल्याचा दिवस धरत नाहीत. नोटीस घ्यायची नाही म्हणून पोस्टमनला परत पाठवू नका. पत्ता बरोबर असेल तर ती मिळालीच असं कोर्ट धरतं, आणि आत काय लिहिलंय हे मात्र तुम्हाला कळत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. हे पंधरा दिवस पैसे भरण्यासाठी आहेत. उत्तर द्यायला कायद्याने वेगळी मुदत दिलेली नाही, तरी उत्तर याच पंधरा दिवसांत गेलेलं बरं. गप्प बसणं महागात पडतं. ‘रंगप्पा विरुद्ध मोहन’ या 2010 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने आरोपीने नोटिशीला उत्तरच दिलं नव्हतं ही गोष्ट त्याच्या विरोधात धरली. चेकवरची सही तुमची असली की तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी गृहीत धरतं आणि ते खोडायचं काम तुमच्यावर येतं. बचाव पहिल्याच संधीला लेखी मांडला असेल, तर पुढे साक्षीच्या वेळी तो मागाहून रचलेला वाटत नाही. आणि खरोखरच पूर्ण रक्कम देणं असेल, तर उत्तराच्या नादी लागू नका. पंधरा दिवसांत चेकची रक्कम बँकेतून भरा, 138 ची तक्रार उभीच राहत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. बांधकामाची कामं घेणाऱ्या एका माणसाने दुकानदाराकडून उधारीवर प्लंबिंगचं सामान उचललं. सुरुवातीलाच दुकानदाराने एक सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला. सामान उचलून झाल्यावर याने 1,20,000 रुपये एनईएफटीने दिले आणि 35,000 चं सामान चलनावर परत केलं. पुढे दुकानदाराने चेकवर 3,60,000 लिहून तो बँकेत टाकला आणि तो 6 मे रोजी ‘अपुरी शिल्लक’ शेऱ्याने परत गेला. नोटीस 20 मेची, हातात पडली 24 मेला. पंधरावा दिवस येतो 8 जून.

या माणसाने वकिलाकडे जाताना काय न्यायचं? त्या खात्याचं स्टेटमेंट, एनईएफटीची ओळ खुणेने दाखवलेलं. सगळी बिलं आणि परतीचं चलन. चेकबुकचा स्थळप्रतीचा भाग, म्हणजे त्या नंबरचा चेक कधी फाडला आणि स्टेटमेंटशी ताडून त्याच्या मागचे-पुढचे चेक कधी वटले ते दिसतं. आधीचे चेक वर्षापूर्वी वटले असतील, तर हा चेकही तेव्हाच दिला होता या म्हणण्याला आधार मिळतो. आणि दुकानदाराशी झालेले सगळे व्हॉट्सॲप मेसेज, तुमच्या विरोधात जाणारेसुद्धा. “दादा, दोन महिने थांबा, सगळे देतो” असा तुमचा मेसेज असेल तर तो वकिलाला आजच दिसू द्या. उत्तरात एक लिहिलं आणि मोबाइलमध्ये दुसरंच निघालं, की सगळं उत्तर वाया जातं.

मग नोटिशीच्या झेरॉक्सवर प्रत्येक परिच्छेदासमोर पेन्सिलीने तीनपैकी एक शेरा लिहा: खरं, खोटं, किंवा मला माहीत नाही. उत्तराचा सांगाडा इथूनच तयार होतो. “नोटिशीतील सर्व मजकूर खोटा, खोडसाळ असून मान्य व कबूल नाही” एवढ्या एका वाक्याचं उत्तर मला पटत नाही. त्यात काहीच नाकारल्यासारखं होत नाही.

परिच्छेद 1 म्हणतो, उभयतांत व्यवहार होता. तो होता, तेवढंच मान्य करा. परिच्छेद 2 म्हणतो, 3,60,000 चं सामान दिलं आणि सगळं येणं बाकी आहे. इथे पहिला अर्धा भाग खरा आणि दुसरा खोटा असू शकतो, म्हणून वाक्य तोडून उत्तर द्या: “वेळोवेळी सामान घेतले हे खरे आहे. मात्र सदर रक्कम येणे बाकी असल्याचा मजकूर मान्य व कबूल नाही.” परिच्छेद 3 म्हणतो, या देण्यापोटी चेक दिला. सही तुमची असेल तर ती नाकारू नका. बँकेचा नमुना कोर्टात आला की खोटं उघडं पडतं. चेक कधी, कशासाठी दिला आणि रक्कम, तारीख कोणी भरली ते सांगा. पण ‘कोरा चेक होता’ एवढ्यावर सुटका होत नाही. सही करून कोरा चेक दिला तरी ते गृहीतक लागू होतंच, असं सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये म्हटलं आहे.

खरी ताकद आहे ती 1,20,000 च्या नोंदीत. चेक दिल्यानंतर काही रक्कम परत केली असेल आणि तशी नोंद चेकवर न करता तो पूर्ण रकमेला बँकेत टाकला असेल, तर 138 लागू होत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा 2022 चा निकाल आहे (दशरथभाई पटेल प्रकरण). म्हणून एनईएफटीची तारीख, रक्कम आणि यूटीआर नंबर उत्तरात नीट लिहा. वाक्य असं ठेवा: “चेक बँकेत भरला त्या तारखेस चेकवरील रक्कम कायदेशीररीत्या देणे नव्हती.” इथेच थांबा. “त्यामुळे आता फक्त 2,05,000 देणे बाकी आहे” हे वाक्य माणसं भाबडेपणाने लिहून जातात. ती सही केलेली लेखी कबुली ठरते आणि मुदत संपायच्या आत दिली असेल तर मुदत कायद्याच्या कलम 18 ने वसुलीच्या दाव्याची मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. हिशोब वादात आहे असं म्हणा आणि खातेउतारा मागा. तडजोड करायची असेल तर वकिलांमार्फत वेगळी बोला. ती या पत्रात मिसळू नका.

परिच्छेद 4 मधल्या बँकेच्या शेऱ्यावर भांडण्यात अर्थ नाही, तो बँकेच्या नोंदीचा भाग आहे म्हणा. परिच्छेद 5 मधला ‘पहिल्यापासून फसवणुकीचा हेतू’ मात्र स्पष्ट शब्दांत नाकारा. शेवटी हे वाक्य हवंच: जे स्पष्टपणे कबूल केलेले नाही ते नाकारले आहे असे समजावे, आणि हे उत्तर अशिलांचे सर्व हक्क अबाधित ठेवून दिले आहे.

एक गोष्ट उत्तरात लिहायची घाई करू नका. मागणीचा आकडा चेकच्या आकड्याशी जुळत नसेल, तर तो मोठा दोष आहे. पण चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवस समोरच्याकडे नोटीस पाठवायला असतात. इथे 20 मेच्या नोटिशीत दोष असेल आणि तुम्ही 28 मेला तो दाखवून दिलात, तर तो दुरुस्त नोटीस पाठवून मोकळा होईल. असा दोष कधी आणि कुठे काढायचा ते वकिलाला ठरवू द्या.

उत्तर स्पीड पोस्टाने, पोहोच मिळेल अशा रीतीने, नोटीस पाठवणाऱ्या वकिलांच्या पत्त्यावर पाठवा. पावती, सही केलेली स्थळप्रत आणि डिलिव्हरीची प्रिंट त्याच फाइलला लावा, त्या जपलेल्या पाकिटाच्या मागे. त्यानंतर दुकानदाराचा फोन आला तर हिशोबावर बोलू नका. रेकॉर्डिंग चालू असतं असंच धरून चाला.