स्लो-मोशनवरून g काढताय? उत्तर चुकलं तर आधी या जागा तपासा

क्रिकेटचा चेंडू हातातून सोडायचा, फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्यायचा आणि प्रत्येक फ्रेममधली चेंडूची जागा मोजून गुरुत्व त्वरण काढायचं. माझ्या वर्गातल्या मुलांचा हा आवडता प्रयोग आहे. साहित्य घरातलंच, आणि मोफत मिळणारं Tracker सॉफ्टवेअर पुरतं. तरी पहिल्या दिवशी बरोबर उत्तर क्वचितच येतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली आहे: चुकलेला आकडा नीट पाहिला तर चूक कुठे आहे ते बहुतेक वेळा तोच सांगतो. म्हणून मी मुलांना वहीतलं उत्तर खोडू देत नाही.

उत्तर ०.१५ आलं: फ्रेमची वेळ चुकली

गेल्या वर्षी एक मुलगी वही घेऊन आली. "सर, सगळं तीनदा तपासलं. ०.१५ च येतंय." तिची मोजमापं अगदी नेटकी होती. चूक होती ती एका गृहीतकात.

फोनने व्हिडिओ २४० फ्रेम प्रति सेकंद या वेगाने घेतला होता, पण फाइल ३० च्या वेगाने दाखवली जात होती. सॉफ्टवेअरने फाइलमधला ३० हा आकडा उचलला आणि दोन फ्रेममधलं अंतर १/२४० ऐवजी १/३० सेकंद धरलं. म्हणजे वेळ आठपट झाली. त्वरणाच्या सूत्रात वेळेचा वर्ग असतो, म्हणून उत्तर ८ × ८ = ६४ पटींनी लहान आलं. पुण्यातल्या ९.७८ ला ६४ ने भागा, ०.१५ मिळतं. उत्तर ०.६ च्या आसपास आलं तर घोळ चौपट वेळेचा आहे, म्हणजे बहुधा १२० आणि ३० यांचा. चेंडू सव्वा मीटर पडायला सॉफ्टवेअर चार सेकंद दाखवत असेल, तर पुढे गणित करायचीही गरज नाही. खरा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो.

फाइलमध्ये काय लिहिलंय ते FFmpeg या मोफत साधनासोबत येणाऱ्या ffprobe ने, कॉम्प्युटरच्या टर्मिनलमध्ये असं पाहता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate,nb_frames -of default=nw=1 drop.mp4
```

`r_frame_rate=30/1` दिसलं आणि व्हिडिओ २४० वर घेतल्याची खात्री असेल, तर Tracker च्या Clip Settings मध्ये Frame rate स्वतः २४० टाका. मात्र फोनच्या मेनूतला २४० हा आकडाही एकदा पडताळून पाहा. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच सुरू करून त्याचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या आणि २ सेकंदांपासून १० सेकंदांपर्यंतच्या फ्रेम मोजा. १९२० च्या आसपास यायला हव्यात. स्टॉपवॉचचा पडदा साधारण १/६० सेकंदाने बदलतो, म्हणून आठ सेकंदांत ही पडताळणी ०.२ टक्क्यांपर्यंत भरवशाची आहे. फ्रेमच्या वेगात एक टक्का चूक असेल तर g मध्ये दोन टक्के येते, हे लक्षात ठेवा.

व्हिडिओ मेसेजिंग ॲपवरून पाठवू नका. पाठवताना तो दाबून लहान केला जातो आणि मधल्या फ्रेम गळू शकतात. केबलने थेट कॉम्प्युटरवर घ्या. काही फोन स्लो-मोशनची सुरुवात आणि शेवट साध्या वेगाने जतन करतात, तिथला भाग मोजणीत घेऊ नका. ९६० वगैरे मोठे आकडे सांगणाऱ्या मोडमध्ये तर मधल्या फ्रेम फोनने स्वतःच तयार केलेल्या असू शकतात. अशा फ्रेममध्ये चेंडूच्या कडेला फिकट दुसरी कडा दिसते. २४० पुरेसे आहेत.

१०.४ आलं: चेंडू नक्की कधी सुटला?

ही चूक सर्वांत जास्त होते आणि चटकन लक्षात येत नाही, म्हणून एक खरी मोजणी पूर्ण मांडतो. खाली दर १२ फ्रेमनंतरची, म्हणजे दर ०.०५ सेकंदानंतरची चेंडूची जागा सेंटिमीटरमध्ये आहे. जिथे चेंडू "आता सुटला" असं वाटलं ती फ्रेम शून्य धरली आहे.

०, २.०, ६.४, १३.२, २२.६, ३४.३, ४८.५, ६५.१, ८४.३, १०५.८

मुलं काय करतात? शेवटचा आकडा घेतात. ०.४५ सेकंदात १.०५८ मीटर, म्हणून g = २ × १.०५८ ÷ ०.४५² = १०.४५. पाठ्यपुस्तकातलं s = ½gt² हे सूत्र बरोबर आहे, पण ते आरंभीचा वेग शून्य असतानाच चालतं. आणि इथे तो शून्य नव्हता. बोटं उघडताना चेंडू पहिल्या दोन-चार फ्रेममध्ये इतका थोडा हलतो की तो डोळ्यांना दिसतच नाही. चार फ्रेम, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद, एवढ्या वेळात तो जेमतेम दीड मिलिमीटर खाली येतो. आपण त्याला "सुटला" म्हणतो तेव्हा त्याला सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आसपास वेग आलेला असतो. तेवढ्याने उत्तर सुमारे सात टक्के वर जातं.

सुटण्याची फ्रेम आणखी बारकाईने शोधत बसू नका. ती नक्की कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. आरंभीचा वेग अज्ञात ठेवून y = At² + Bt + C हा वक्र सगळ्या बिंदूंवर बसवा. जो वेग आधीच आला होता तो B मध्ये जातो आणि g = 2A निघतं. Tracker च्या Data Tool मध्ये Parabola निवडलं की हेच होतं. अक्ष वरच्या दिशेने धन असेल तर A ऋण येतं, त्याने घाबरायचं नाही.

हाताने करायचं तर समान अंतराचे तीन बिंदू पुरतात. ०, ०.२० आणि ०.४० सेकंदाचे आकडे घ्या: ८४.३ − २ × २२.६ + ० = ३९.१ सेंटिमीटर. त्याला ०.२० च्या वर्गाने, म्हणजे ०.०४ ने भागलं की ९७७.५ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ९.७८. तीच मोजणी, तोच व्हिडिओ, फक्त शून्याचा हट्ट सोडला.

आकडे −४० ते ९० असे नाचतात: फ्रेम फार जवळच्या घेतल्या

हुशार मुलं इथे हमखास अडकतात. त्यांना वाटतं, २४० फ्रेम आहेत तर सगळ्या वापरू, प्रत्येक लगतच्या तीन फ्रेमवरून त्वरण काढू आणि सरासरी घेऊ. आलेख काढला की करवतीचे दात दिसतात.

कारण साधं आहे. १/२४० सेकंदाच्या दोन लागोपाठ टप्प्यांत चेंडूने कापलेल्या अंतरांमधला फरक g × (१/२४०)² एवढा असतो, म्हणजे ०.१७ मिलिमीटर. आपलं चित्र उंचीला १९२० पिक्सेल आणि त्यात दीड मीटर उंची बसवली असेल, तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर. जो फरक शोधायचा आहे तो पिक्सेलच्या पाचव्या भागाएवढा! मधल्या फ्रेममध्ये खूण एका पिक्सेलने सरकली तर त्वरणात सुमारे ९० मीटर प्रति सेकंद वर्गाची चूक येते. शिवाय अशी सरासरी काढताना मधले आकडे एकमेकांना खोडतात आणि शेवटी सुरुवातीच्या दोन आणि शेवटच्या दोन फ्रेमच उरतात. बाकी सगळी मेहनत वाया.

वरच्या यादीत दर बारा फ्रेमचे फरक काढून पाहा: २.०, ४.४, ६.८, ९.४, ११.७... आणि त्यांचे पुढचे फरक २.४, २.४, २.६, २.३. इथे आकडे ९.२ ते १०.४ यांच्या मध्ये हलतात, म्हणजे नाच बराच थांबला. सगळ्या फ्रेम वापरायच्याच असतील तर वक्र बसवून वापरा, कारण तिथे प्रत्येक खुणेचा उपयोग होतो.

१०.७ आलं आणि वक्र मात्र अगदी सुबक: पट्टी चुकीच्या जागी

वक्र बिंदूंवर चपखल बसतो, पुन्हा पुन्हा तोच आकडा येतो, तरी तो चूक असतो. मला ही चूक सर्वांत धोक्याची वाटते, कारण आलेखात तिची काहीही खूण राहत नाही. वेळेत फ्रेम गळल्या असतील तर वक्रापासूनच्या फरकांत मध्येच उडी दिसते. अंतराचं माप चुकलं तर सगळे बिंदू एकाच प्रमाणात ताणले जातात आणि वक्र तसाच सुंदर दिसतो.

आमच्याकडे मीटरपट्टी भिंतीवर चिकटवली होती आणि चेंडू भिंतीपासून २० सेंटिमीटर पुढे सोडला जात होता. फोन चेंडूपासून २ मीटरवर, म्हणजे पट्टीपासून २.२ मीटरवर. लांबची पट्टी चित्रात लहान दिसते, त्या लहान पट्टीने जवळचा चेंडू मोजला की प्रत्येक अंतर २.२ ÷ २ = १.१ पट येतं. g सुद्धा १.१ पट, १०.७६.

ओळखायचं कसं? चेंडूच पट्टी म्हणून वापरा. पुरुषांच्या क्रिकेटमधल्या नव्या चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास सुमारे ७२ मिलिमीटर. चेंडू हातात स्थिर असतानाची फ्रेम घ्या आणि त्याची आडवी रुंदी सॉफ्टवेअरमध्ये मोजा. आमचा चेंडू ७९ मिलिमीटरचा निघाला आणि तिथेच चूक सापडली. मग पट्टी चेंडूच्या बरोबर रेषेत, फोनपासून तितक्याच अंतरावर उभी केली.

फोन स्टँडवर, पडण्याच्या उंचीच्या मध्यावर आणि सरळ ठेवा. तो खाली झुकला असेल तर वरच्या आणि खालच्या भागाचं प्रमाण वेगळं होतं. पट्टीवरचे वरचे २० आणि खालचे २० सेंटिमीटर पिक्सेलमध्ये मोजा, दोन्ही सारखे आले तर ठीक.

९ किंवा त्याहून कमी: चेंडू बदला

टेबल टेनिसचा चेंडू फक्त २.७ ग्रॅमचा असतो. सेकंदाला ४ मीटर वेग आला की हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाएवढा होतो. क्रिकेटच्या चेंडूवर त्याच वेगाला तो जेमतेम एक टक्का. ट्यूबखाली घेतलेल्या व्हिडिओत चेंडू खाली येईतो लांबट, पुसट दिसतो, शेवटी दीड-दोन सेंटिमीटर ताणलेला. अशा वेळी सुरुवातीला चेंडूचा मध्य आणि शेवटी खालची कड असं मोजू नका. उन्हात व्हिडिओ घ्या आणि शेवटपर्यंत मध्यच धरा.

हे सगळं सांभाळलं की आमच्याकडे ९.७ ते ९.९ येतं. पुण्यात g जवळपास ९.७८ आहे, पाठ्यपुस्तकात ९.८ किंवा ९.८१ असतं. हा फरक या प्रयोगाने दाखवता येत नाही, म्हणून कोणी ९.७८३४ लिहिलं तर मी दशांशानंतरचा एकच आकडा ठेवून पुढे ± ०.१ लिहायला सांगतो.