निऑनच्या पाटीचा रंगीत उजेड बाहेरून आणलेल्या वस्तूवर कसा पाडावा

रात्रीच्या गल्लीचा फोटो आहे. डावीकडे परमिट रूमची लाल निऑन पाटी, उजवीकडे थोडी दूर मेडिकलच्या दुकानाचा हिरवा क्रॉस, रस्ता पावसाने ओला. त्यात Photoshop मध्ये दिवसा काढलेली निळी स्कूटर बसवायची आहे. स्कूटर कापून घेणं, फोटोतल्या कॅमेऱ्याच्या उंचीशी जुळवणं, आकार ठरवणं हे तुम्हाला येतं असं धरतो. स्कूटरचा फोटो मात्र सावलीत किंवा ढगाळ हवेत काढलेला हवा. कडक उन्हाच्या सावल्या अंगावर असतील तर पुढचं काहीही उपयोगाचं नाही, दुसरा फोटो शोधा.

या कामासाठी सर्रास दिला जाणारा सल्ला असा: वर नवा लेयर घ्या, लाल ब्रश फिरवा, मोड Color किंवा Overlay करा. कृपा करून हे करू नका. Color मोड सावलीतल्या खाचांनाही तितकाच लाल करतो, आणि Overlay काळ्या भागाला हातही लावत नाही. Inner Glow ची लाल कड तर त्याहून वाईट, कारण प्रकाश एका बाजूने येत असताना ती चहूबाजूंनी चमकते.

आधी स्कूटरच्या दोन प्रती करा. खालची प्रत Curves ने गडद करा, गल्लीतल्या न उजळलेल्या भिंतीइतकी. इथे कंजुषी नको. मूळ वस्तू उजळ राहिली तर वर टाकलेला रंग दुधाळ दिसतो, आणि बहुतेक फसलेल्या चित्रांत दोष रंगाचा नसून या उरलेल्या उजेडाचा असतो. वरची प्रत दिवसाच्या उजेडातली, जशी आहे तशीच ठेवा.

आता पाटीचा रंग घ्या, पण नळीवरून नाही. फोटोत नळीचा गाभा जवळजवळ पांढरा झालेला असतो. नळीभोवतीच्या झळाळीत जिथे रंग सर्वांत गडद आहे तिथून घ्या. समजा तो R 255, G 60, B 20 आला. वरच्या प्रतीवर या रंगाचा Solid Color लेयर टाका, तो प्रतीला क्लिप करा आणि त्याचा मोड Multiply ठेवा. मग दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घाला आणि ग्रुपचा मोड Linear Dodge करा (यादीत त्यापुढे Add असं लिहिलेलं असतं). Alt दाबून मास्कचं बटण दाबा, म्हणजे ग्रुपला काळा मास्क लागेल आणि उजेड सध्या पूर्ण बंद होईल.

ही रचना प्रकाशाच्या वागण्यावरून आली आहे. पृष्ठभाग आपल्या रंगाप्रमाणे आलेल्या प्रकाशाचा काही भाग परत पाठवतो, म्हणून Multiply. तो आधीच्या उजेडात मिसळतो, म्हणून Linear Dodge. स्कूटरचा निळा रंग R 30, G 60, B 140 असेल, तर लाल पाटीखाली त्याचे R 30, G 14, B 11 उरतात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पांढरी नंबर प्लेट मात्र लालभडक होते. हिरव्या क्रॉसचा रंग R 20, G 255, B 90 धरला तर त्याच निळ्या पत्र्यावर साधारण R 2, G 60, B 49 मिळतात. म्हणजे पाटी जवळ आणि मोठी असूनही निळ्या अंगावर दूरच्या क्रॉसचाच रंग उठून दिसू शकतो. ‘लाल आणि निळा मिळून जांभळा’ हा हिशोब रंगाच्या डब्यातला आहे. हिरव्यासाठी असाच दुसरा ग्रुप करा. दोन्ही उजेड एकाच जागी पडून ती फार भडक झाली, तर दुसऱ्या ग्रुपचा मोड Screen करा.

खरी कसोटी पुढे आहे: मास्क. मला सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याने घ्यायला लावला, आणि अजूनही घाई केली की इथेच काम बिघडतं.

ब्रश मऊ, Flow दहा टक्क्यांच्या आसपास, रंग पांढरा. पण स्कूटरच्या डाव्या अर्ध्यावर ब्रश ओढत सुटू नका. एकेक भाग घ्या आणि विचारा: हा भाग पाटीकडे तोंड करून आहे का? पाटी डावीकडे आणि डोक्याच्या वर आहे. म्हणून हँडलचा वरचा भाग, सीटचा डावा उतार, मडगार्डची वरची डावी गोलाई उजळेल. सीटची खालची बाजू उजळणार नाही, ती कितीही डावीकडे असो. पत्रा जिथे कोनात वळतो तिथे लॅसोने सिलेक्शन करून कड धारदार ठेवा. जिथे गोल वळतो तिथे ब्रशचा मऊपणा चालू द्या. सगळीकडे मऊ कड ठेवली की उजेड वस्तूवर पडल्यासारखा न वाटता धुक्यासारखा तरंगतो.

मग अडथळे बघा. हँडल आणि आरसा पुढच्या पत्र्यावरचा उजेड अडवतात, तिथे मास्क पुन्हा काळा करा. पाटी लांबट असल्याने या सावलीच्या कडा मऊच हव्यात. अंतराचाही हिशोब ठेवा. आरसा पाटीपासून तीन फुटांवर आणि मागचं चाक सहा फुटांवर असेल, तर चाकावर उजेड निम्म्याहूनही कमी पोचेल. एकसारखा उजेड हे चिकटवलेल्या वस्तूचं सर्वांत ठळक लक्षण आहे.

एवढं करूनही निळ्या पत्र्यावर लाल फारसं दिसणार नाही, आणि तो घाबरून Opacity वाढवण्याचा क्षण असतो. वाढवू नका. चकचकीत पृष्ठभागावर लाल रंग दिसतो तो प्रतिबिंबातून. पॉलिशवरून परतणारा प्रकाश खालच्या रंगात शिरतच नाही, त्यामुळे निळ्या पत्र्यावरही लाल पाटीचं प्रतिबिंब लालच राहतं. म्हणून प्रतिबिंबासाठी ग्रुपच्या वर वेगळा लेयर घ्या, मोड Linear Dodge, यात Multiply नाही. फोटोतली पाटीच कापून घ्या, आडवी उलटवा, Warp ने मडगार्डच्या गोलाईवर चेपा आणि बरीच फिकी करा. गोल पत्र्यावर ती ओढल्यासारखी बारीक रेघ होते: मधे पांढुरकी, कडेला लाल. आरशाच्या क्रोमवर ती जास्त ठळक ठेवा. रबरावर आणि सीटच्या रेक्झिनवर ती पसरट, अंधुक असते. ब्रशने काढलेला गोल लाल ठिपका तिथे कधीच शोभत नाही.

तपासण्यासाठी सगळ्यात वर तात्पुरता Hue/Saturation लेयर टाकून Saturation वाढवा. स्कूटरचा लाल पाटीजवळच्या भिंतीच्या लालापेक्षा गुलाबी किंवा नारिंगी वाटला तर Solid Color बदला. ग्रुप मोकळे ठेवले असल्याने हे मिनिटाचं काम आहे. शेवटी पार्श्वभूमीइतकी ग्रेन टाका.

राहिली जमीन. स्कूटरने अडवलेला लाल उजेड रस्त्यावरही कमी व्हायला हवा, पण काळी सावली टाकू नका. लाल अडला तरी क्रॉसचा हिरवा तिथे पोचतोच, म्हणून पाटीच्या उलट बाजूला पडणारी सावली हिरवट असते आणि क्रॉसच्या उलट बाजूची लालसर. रस्त्यावर Curves लेयर घ्या, फक्त Red चॅनेल खाली ओढा आणि मास्कने सावलीचा आकार द्या. दुसऱ्या सावलीसाठी Green चॅनेल. दोन्ही उजेड पोचत नाहीत अशी खरी काळी जागा फक्त टायर जमिनीला टेकतो तिथली अरुंद पट्टी. ओल्या रस्त्यात स्कूटरचं उलटं प्रतिबिंबही हवं, आणि ते सगळे उजेड टाकून झाल्यावरच करा, नाहीतर वरची स्कूटर लाल आणि पाण्यातली दिवसाची दिसेल.