घरगुती फिल्टरची टक्केवारी मांडताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात वाळू, खडी आणि कोळसा भरलेली उलटी बाटली हमखास दिसते. शेजारच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं, ‘गढूळपणा ८५ टक्के कमी’. गणित बहुतेक वेळा बरोबर असतं. चूक पाणी घेण्यात झालेली असते.

एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आणलं, ढवळून मोजलं तर गढूळपणा १६० एनटीयू. एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक. फिल्टरमधून ते उतरायला ४० मिनिटं लागली आणि खालचं पाणी भरलं २४. फरक १३६, त्याला आधीच्या १६० ने भागलं की ८५ टक्के. (काही मुलं नंतरच्या आकड्याने भागतात आणि उत्तर ५६७ टक्के येतं. शंभराच्या वर गेलं की भागाकार चुकला, हे लगेच ओळखावं.)

पण त्या ४० मिनिटांत गाळ आपोआपही खाली बसतो. त्याचं श्रेय फिल्टरला कसं देणार? म्हणून बादली ढवळून एकदमच दोन सारख्या बाटल्या भरा. एक फिल्टरमध्ये ओता, दुसरी न हलवता बाजूला ठेवा. ४० मिनिटांनी दुसरीतलं वरचं पाणी अलगद काढून मोजा. समजा ते ९६ भरलं. म्हणजे नुसतं ठेवूनच ४० टक्के गढूळपणा गेला. फिल्टरने त्याहून जास्त काय केलं? ९६ वरून २४, म्हणजे ७५ टक्के. माझ्या मते हाच आकडा फिल्टरचा खरा, आणि ही दुसरी बाटली नसेल तर प्रयोग अर्धाच आहे.

दुसरी अडचण पहिल्या पाण्याची. वाळू नीट धुतली नसेल, कोळशाची भुकटी राहिली असेल, तर पहिला लिटर २१० सुद्धा भरेल. टक्केवारी येते उणे ३१. मुलं घाबरून तो आकडा खोडतात. खोडू नका. वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुवा, मग पहिला, दुसरा, तिसरा लिटर वेगवेगळा मोजा आणि पहिला का वगळला ते लिहा.

मीटर नसेल आणि गढूळपणा मोजायची नळी वापरत असाल, तर नळीतल्या पाण्याच्या उंचीचे सेंटिमीटर सूत्रात घालू नका. उंची आणि गढूळपणा सरळ प्रमाणात नसतात. नळीवरच्या खुणांवरून आधी एनटीयू काढा.

शिवाय टक्केवारी उरलेलं पाणी लपवते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ५. आपलं पाणी अजून २४ वर आहे. आणि गढूळपणा घटला म्हणून जंतू गेले असं ठरत नाही, त्याची चाचणी वेगळी.

तेव्हा तक्त्यावर असं लिहा: ‘आधी १६०, नुसतं ठेवून ९६, गाळून २४ एनटीयू. एकूण घट ८५ टक्के, न गाळलेल्या पाण्याच्या तुलनेत ७५ टक्के. पहिला लिटर वगळला. हे पाणी पिण्यायोग्य नाही.’