65.03 ग्रॅम प्रोटीन? मॅक्रोच्या बेरजेत या चुका टाळा

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आता खेड्यातही प्रोटीन-कार्ब-फॅटचा हिशेब ठेवतात. मोबाइलवर शीट, घरात डिजिटल काटा आणि रात्री खाली बेरीज: 65.03. हा आकडा पाहून वाटतं की पोरानं हिशेब फार बारीक ठेवलाय. खरं तर त्या .03 ला काही आधार नसतो, आणि कित्येकदा 65 मधल्या 5 लाही नसतो. का ते एका दिवसाचं ताट मांडून पाहू.

दिवसभरात ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, त्यांचं कोरडं पीठ 300 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात ज्वारीचं प्रोटीन 100 ग्रॅमला 9.97, म्हणजे इथे 29.91. घरच्या गंजात 250 ग्रॅम तुरीची डाळ शिजली, त्यातला पाव हिस्सा आपला धरला. 21.70 च्या दरानं 13.56. दोन अंडी प्रत्येकी 50 ग्रॅमची धरून 13.28. मूठभर शेंगदाणे 35 ग्रॅम धरले, ते 8.28. बेरीज 65.03.

आता ओळीओळीनं पाहा. तक्त्यात 9.97 च्या पुढे ± 0.43 छापलेलं असते, कारण तो वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या नमुन्यांचा सरासरी आकडा आहे. तुमच्या वावरातली ज्वारी त्या नमुन्यांत नव्हती. 300 ग्रॅम पिठाला हाच फरक 1.3 ग्रॅम होतो. अंडं 45 चंही असते, 55 चंही असते, तिथं आणखी 1.3. मुठीत 29 आले की 41, ते हाताच्या आकारावर. तिथं दीड ग्रॅम. आणि वरण? पाव हिस्सा हा निव्वळ अंदाज. तो पाचवा असेल तर 10.85 होतात. एवढ्या एका ओळीत पावणेतीन ग्रॅमचं मागेपुढे.

चारही ओळी एकाच दिवशी एकाच बाजूला चुकत नाहीत, एक थोडी वाढते, दुसरी थोडी घटते. म्हणून सगळे फरक सरळ बेरजेत न घेता प्रत्येकाचा वर्ग करून, बेरीज घेऊन, वर्गमूळ काढायचं. इथं ते साडेतीनच्या आसपास येते. म्हणजे खरा आकडा साधारण 61 ते 69 मध्ये कुठंतरी. मग वहीत "सुमारे 65" लिहा. वर्गमूळ काढायचा कंटाळा असेल तर नियम सोपा आहे: सगळ्यात ढोबळ ओळ जेवढी ढोबळ, बेरीज त्याहून बारीक नाही.

सगळ्यात ढोबळ ओळ सोडून दुसरीच बारीक करणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. काट्यावर पीठ 298 आलं की 300, यावर वाद घालतात आणि वरण मात्र वाटीनं. दोन ग्रॅम पिठात प्रोटीन 0.2. वाटीत पातळ पाणी आलं की तळाची डाळ आली, यात त्याच्या दहापट फरक.

दुरुस्ती गंजापासून सुरू करा. रिकामा गंज एकदा तोलून त्याचं वजन शीटमध्ये कायमचं लिहून ठेवा. वरण शिजून, फोडणी पडल्यावर भरलेला गंज तोला आणि रिकाम्याचं वजन वजा करा. समजा वरण 1400 ग्रॅम भरलं आणि ढवळून आपल्या ताटात 310 घेतलं. मग आपली कच्ची डाळ 250 × 310 ÷ 1400, म्हणजे साधारण 55 ग्रॅम, आणि प्रोटीन 12. ढवळणं विसरू नका, नाहीतर मोजूनही अंदाजच राहतो. शेंगदाणेही तोलले की मागेपुढे दोनेक ग्रॅमवर येते. आता पूर्णांकात लिहिणं शोभते. दशांश तरीही नाहीच, कारण ज्वारी आणि अंड्यांचा फरक शिल्लक आहेच.

भाकर तोलू नका, पीठच तोला. भाकरीत पाणी किती राहिलं हे तव्यावर अवलंबून असते.

प्रत्येक ओळ आधी गोल करणं

गोल करायचं ते एकदाच, शेवटी. दिवसातून चार चहा होतात, प्रत्येकात दोनेक चमचे दूध, प्रोटीन साधारण 0.4. प्रत्येक ओळ आधीच पूर्णांकात आणली तर चारही शून्य. शेवटी गोल केलं तर 1.6 चे 2. शीटमध्ये आत सगळे दशांश राहू द्या आणि बेरजेच्या चौकटीत एवढंच लिहा:

```
=ROUND(SUM(D2:D12),0)
```

ओळींचे दशांश फक्त दिसण्यापुरते लपवले असतील, तर पडद्यावर 0, 0, 0, 0 दिसते आणि खाली 2. शीट बिघडलं असं समजून फॉर्म्युला बदलू नका. बेरीज बरोबर आहे, ओळी गोल दिसताहेत एवढंच.

फॅटलाही प्रोटीनचाच नियम लावणं

तेल म्हणजे जवळपास शुद्ध फॅट. पाच मिलिलिटरचा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम. आमच्याकडं पळीनं पडते, आणि आईला विचाराल तर "तेल मोजून कोण टाकते बाप्पा!" बाटली स्वयंपाकाआधी आणि नंतर तोलली तर घराचं एकूण तेल कळते. तुमच्या ताटात किती आलं ते मात्र कळत नाही, कारण वरणाची युक्ती इथं चालत नाही. तर्री वर तरंगते. रस्सा पाव हिस्सा घेतला म्हणून तेलही पाव हिस्सा येत नाही. ज्यानं वरून वाढून घेतलं त्याचं तेल वेगळं, तळातून घेणाऱ्याचं वेगळं.

म्हणून तर्रीच्या दिवशी फॅट पाच किंवा दहाच्या पटीत लिहा:

```
=MROUND(SUM(E2:E12),5)
```

हाच फरक पुढं कॅलरीत जातो. दहा ग्रॅम फॅटचा घोळ म्हणजे 90 कॅलरी. मग दिवसाच्या खाली 2347 लिहून काय उपयोग? 2350 लिहा, आणि लग्नाची पंगत जेवून आला असाल तर 2300 की 2400 एवढंच ठरवा.

दोन दिवसांची उगाच तुलना

सोमवारी 65.03, मंगळवारी 63.40. दीड ग्रॅम कमी पडलं म्हणून रात्री अंडं उकडायची गरज नाही. मोजमापच साडेतीन ग्रॅम हलते, तिथं हे दोन दिवस सारखेच. आठवड्याची सरासरी काढा. मुठीचे, अंड्याचे फरक सात दिवसांत बरेचसे एकमेकांना खातात आणि सरासरी एका दिवसाच्या आकड्यापेक्षा घट्ट असते.

पण रोज एकाच बाजूला होणारी चूक सरासरीनं जात नाही. गंज न तोलता रोज पावच हिस्सा धरला आणि खरा पाचवा असेल, तर सात दिवसच काय, वर्षभराची सरासरीही तेवढीच चढी राहील. तक्त्याचंही तसंच. जुन्या तक्त्यात ज्वारीचं प्रोटीन 10.4 आणि तूरडाळीचं 22.3 आहे. एखादं अॅप जुने आकडे घेते, एखादं नवे. अॅप बदललं की तीच 300 ग्रॅम ज्वारी 29.91 वरून 31.2 होते आणि आलेखात उडी दिसते, ताटात काही वाढलेलं नसतानाही. तक्ता बदलला त्या तारखेला शीटमध्ये खूण करा, आणि त्याआधीच्या-नंतरच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडू नका.