पट्टी सरकवण्याआधी: दोन कपॅसिटरच्या गणिताची तयारी

नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत बारावीच्या व सीईटीच्या तयारीला बसणाऱ्यांसाठी ही यादी आहे. कच्चे कागद, Q = CV, एकसर व समांतर जोडणीची सूत्रे हे सर्व जवळ असतेच; त्यावर वेळ घालवत नाही.

प्रथम आकृती स्वतः काढावी, डायइलेक्ट्रिकची पट्टी कोणत्या कपॅसिटरमध्ये जाते ते दाखवावे आणि ती प्लेटांमधली सगळी जागा भरते का, हे पाहावे. भरत असेल तर त्या एकाच कपॅसिटरची धारकता K पट होते. दुसऱ्याची होती तेवढीच राहते.

मग बॅटरीकडे वळावे. बॅटरी आधी काढली की पट्टी आधी घातली, हा क्रम प्रश्नात शोधून त्याखाली रेघ ओढावी, कारण पट्टी घालून झाल्यावर बॅटरी काढली असेल, तर उत्तर बॅटरी जोडलेल्या स्थितीचेच येते.

आता ज्या एका बाबीमुळे माझे गणित मागच्या वेळी चुकले, ती. बॅटरी जोडलेली असेल तर विभवांतर कायम आणि काढलेली असेल तर प्रभार कायम, एवढे सर्वांना पाठ असते. पण कोणाचे विभवांतर आणि कोणाचा प्रभार, हे लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये. बॅटरी कायम ठेवते ते तिच्या दोन टोकांमधले विभवांतर, प्रत्येक कपॅसिटरचे नव्हे. बॅटरी काढल्यावर कायम राहतो तो बाहेरून पूर्ण तुटलेल्या धातूच्या तुकड्यावरचा एकूण प्रभार, प्रत्येक कपॅसिटरचा नव्हे.

उदाहरण घेऊ. ६ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर १२ व्होल्टच्या बॅटरीला एकसर जोडले आहेत. प्रत्येकावर ६ व्होल्ट आणि ३६ मायक्रोकूलोम आहेत. बॅटरी जोडलेली ठेवून पहिल्यात K = ३ ची पट्टी पूर्ण बसवली, म्हणजे त्याची धारकता १८ झाली. येथे ‘बॅटरी जोडलेली आहे, म्हणून पहिल्यावर ६ व्होल्टच’ असे धरले, तर त्याचा प्रभार १०८ येतो आणि दुसऱ्याचा ३६ राहतो. हे अशक्य आहे, आणि ते कसे ओळखायचे ते नीट पाहावे: पहिल्याची उजवी प्लेट, दुसऱ्याची डावी प्लेट आणि त्यांना जोडणारी तार मिळून एकच तुकडा होतो, तो बॅटरीच्या कोणत्याही टोकाला जोडलेला नाही, त्यामुळे त्यावरचा निव्वळ प्रभार आधी शून्य होता आणि नंतरही शून्यच राहिला पाहिजे. १०८ आणि ३६ मध्ये तो ७२ शिल्लक राहतो. तो येणार कोठून? म्हणून दोघांवर प्रभार समान घ्यावा. एकूण धारकता ४.५, प्रभार ५४. पहिल्यावर ३ व्होल्ट, दुसऱ्यावर ९. कायम राहिली ती फक्त १२ ही बेरीज. पट्टी घातलेल्या कपॅसिटरचे विभवांतर तर बॅटरी जोडलेली असूनही निम्म्यावर आले आणि ज्याला कोणी हात लावला नाही, त्याचे वाढले.

समांतर जोडणीत हीच चूक उलट बाजूने होते. तेच कपॅसिटर समांतर जोडून १२ व्होल्टपर्यंत भारित केले, प्रत्येकावर ७२ मायक्रोकूलोम आले, आणि मग बॅटरी काढून पहिल्यात पट्टी घातली. ‘बॅटरी काढली, म्हणून पहिल्याचा प्रभार ७२ कायम’ असे लिहिल्यास त्यावर ४ व्होल्ट येतात आणि दुसऱ्यावर १२ राहतात. एकमेकांना तारेने जोडलेल्या प्लेटांमध्ये असा फरक टिकत नाही. कायम आहे तो १४४ हा एकूण प्रभार. एकूण धारकता २४, म्हणून दोघांवर ६ व्होल्ट. पहिल्यावर १०८, दुसऱ्यावर ३६. बॅटरी नसतानाही ३६ मायक्रोकूलोम दुसऱ्याकडून पहिल्याकडे गेले. पुन्हा सांगतो: कायम काय, याआधी कायम कोणाचे, ते लिहावे.

उरलेल्या दोन स्थिती सरळ आहेत. समांतर व बॅटरी जोडलेली असेल तर दोघांवर १२ व्होल्टच, प्रभार २१६ आणि ७२. एकसर व बॅटरी काढलेली असेल तर दोघांवर ३६, विभवांतरे २ आणि ६.

ऊर्जेचा ताळा शेवटी. बॅटरी नसेल तर ऊर्जा घटली पाहिजे: वरच्या समांतर उदाहरणात ८६४ वरून ४३२ मायक्रोज्यूल. जोडलेली असेल तर वाढते: एकसर उदाहरणात २१६ वरून ३२४. तेथे बॅटरीने १८ × १२ म्हणजे २१६ दिले, त्यातले १०८ साठले आणि १०८ पट्टी आत ओढण्यात गेले.

पट्टी अर्धवट असेल तर तो एक कपॅसिटर दोन समजावा: निम्मे क्षेत्रफळ भरले तर समांतर, निम्मी जाडी भरली तर एकसर. मग पुन्हा तेच: कायम कोणाचे?