कार्ड बदलले तरी पैसे का कटतात? या चुका टाळा

डेबिट कार्ड हरवले, त्याची मुदत संपली किंवा बँकेने नवे कार्ड पाठवले, की जुन्या कार्डावरून दरमहा कटणारे सगळे पैसे आपोआप बंद झाले, असे अनेक जण गृहीत धरतात. काही जण याच्या नेमके उलट, ते नव्या कार्डावर आपोआप सुरू राहतील, असे धरून चालतात. दोन्ही समजुतींनी नुकसान होते, कारण पैसा कार्डावरून जातो की थेट खात्यातून, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

लातूरच्या एका पालकाचे उदाहरण घेऊ. मुलीच्या नीटच्या सराव परीक्षांसाठी दरमहा ४९९ रुपये डेबिट कार्डावरून जातात, दुचाकीच्या कर्जाचा २,८५० रुपयांचा हप्ता ई-नॅचने, म्हणजे बँकेला एकदाच दिलेल्या आपोआप कपातीच्या मंजुरीने, कटतो आणि मोबाइलवरील मालिकांचे १४९ रुपये यूपीआय ऑटोपेने जातात. गंजगोलाईत पाकीट हरवल्यावर त्यांनी कार्ड ब्लॉक करून नवे घेतले आणि आता सगळेच थांबले असे समजून खात्यातली बहुतेक रक्कम दुसरीकडे वळवली. पुढच्या महिन्यात ४९९ रुपयांचा व्यवहार नाकारला गेला आणि ऐन तयारीत मुलीच्या सराव परीक्षा बंद पडल्या. १४९ रुपये मात्र कटलेच. हप्ता शिल्लक नसल्यामुळे परत गेला, म्हणून बँकेचे शुल्क आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा दंड असा दुहेरी भुर्दंड बसला.

हप्त्याच्या वेळी झालेली गफलत सर्वांत जास्त आढळते. ई-नॅच मंजूर करताना डेबिट कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी विचारला जातो, त्यामुळे हप्ता कार्डाशी जोडला गेला असे वाटते. प्रत्यक्षात कार्ड तेथे केवळ ओळख पटवण्यापुरते वापरलेले असते आणि मंजुरी खाते क्रमांकावर नोंदवली जाते. बँक खात्याला जोडलेल्या यूपीआय ऑटोपेचेही तसेच आहे. म्हणून कार्ड बदलण्यापूर्वी पासबुक किंवा खात्याचा उतारा काढून मागील तीन-चार महिन्यांच्या नोंदी पाहाव्यात. नोंदीत `ACH` किंवा `NACH` असेल तर तो पैसा थेट खात्यातून जातो, `UPI` असेल तर यूपीआयने. उरलेल्या, ऑनलाइन खरेदीसारख्या दिसणाऱ्या नोंदी कार्डाच्या. वर्षातून एकदाच जाणारा विम्याचा हप्ता या तीन-चार महिन्यांत दिसणार नाही, म्हणून तो वेगळा आठवून तपासावा. कार्डाची मुदत संपल्याने तो अडला आणि सवलतीचा काळही उलटला, तर पॉलिसी बंद पडते.

टोकनविषयीही गैरसमज आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील दुकानदारांना आणि ॲपना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. त्याऐवजी त्या कार्डासाठी आणि त्या दुकानदारासाठी तयार केलेला सांकेतिक क्रमांक, म्हणजे टोकन, वापरले जाते. कार्ड बदलल्यावर ते पूर्वीच्या दुकानदारांशी जोडायचे असेल, तर बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घेणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. नवे कार्ड सुरू करताना घाईत दिलेली संमती अशी जोडणी करून जाऊ शकते, म्हणून तो मजकूर वाचूनच पुढे जावे. नको असलेले टोकन बँकेच्या ॲपमधून, नेट बँकिंगवरून किंवा शाखेत जाऊन काढता येते.

थांबवताना लोक ॲप मोबाइलमधून काढून टाकतात, पण त्याने सदस्यत्व रद्द होत नाही. आधी त्या सेवेच्या खात्यात जाऊन सदस्यत्व रद्द करावे आणि पुष्टीचा संदेश जपून ठेवावा. त्यानंतर कार्डावरचे ई-मँडेट, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याची मंजुरी, बँकेच्या ॲपमधून किंवा नेट बँकिंगवरून, ऑटोपे ज्या यूपीआय ॲपमध्ये लावला त्याच ॲपच्या ऑटोपे विभागातून आणि ई-नॅच बँकेकडे अर्ज करून रद्द करावे. ई-नॅचच्या अर्जात यूएमआरएन हा मंजुरीचा क्रमांक लिहिल्यास नेमकी मंजुरी शोधणे सोपे जाते. कर्जाची मंजुरी रद्द केल्याने कर्ज फिटत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. हप्ता भरण्याची दुसरी सोय झाल्याशिवाय तिला हात लावू नये.

कार्डावरच्या ई-मँडेटची रक्कम कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश येतो. त्यात दुकानदाराचे नाव, रक्कम आणि तारीख असते, तसेच तो एक व्यवहार किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची सोयही असते. अनेकांचा बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक जुनाच राहतो आणि हा संदेश त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे नवे कार्ड घेण्याच्या अर्जासोबतच क्रमांकही तपासून घ्यावा.

रद्द केल्यानंतरही पैसे कटले, तर रद्द केल्याची तारीख, पुष्टीचा संदेश आणि उताऱ्यातील नोंद जोडून बँकेकडे लगेच लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर `cms.rbi.org.in` येथे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार दाखल करता येते.