टू-बाय-टूचा मेल मॅनेजरला पाठवण्याआधी: तयारीची यादी

टू-बाय-टू म्हणजे दोन अक्षांवर प्रोजेक्टांचे ठिपके मांडून चार चौकोन पाडणारं चित्र. ते चौकोन आखायला घेण्याआधी मॅनेजरला नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे, ते एका वाक्यात लिहून काढा. समजा, ते वाक्य असं आहे: पुढच्या तिमाहीत टीमकडे १४ माणूस-आठवडे मोकळे आहेत, ते चार प्रोजेक्टांपैकी कशावर घालायचे? हे वाक्य जमत नसेल तर मेलची वेळ अजून आलेली नाही.

मग अक्षांना एकक द्या. नुसतं ‘फायदा’ आणि ‘मेहनत’ लिहिलं की प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. आपल्या उदाहरणात उभ्या अक्षावर महिन्याला वाचणारे तास घेऊ आणि आडव्यावर माणूस-आठवडे. त्यात टेस्टिंग आणि ट्रेनिंगही धरलेलं. मधल्या रेषा आकडे हाती येण्याआधीच ठरवा: ६० तास आणि ८ आठवडे. आकडे पाहून रेषा आखली की आवडता प्रोजेक्ट हमखास चांगल्या चौकोनात जाऊन बसतो, आणि हे आपण करतोय हे आपल्यालाही कळत नाही.

आकडे मागताना फायदा ज्यांचं काम वाचणार त्यांना विचारा, मेहनत जे काम करणार त्यांना. दोन्ही आकडे प्रोजेक्ट मांडणाऱ्याकडूनच आले, तर सगळे ठिपके ‘फायदा जास्त, मेहनत कमी’ या एकाच कोपऱ्यात गोळा होतात. तसं चित्र दिसलं तर ते पाठवू नका, आकडे पुन्हा मागवा.

समजा हाती हे आलं: बिलांची आपोआप जुळवणी १२० तास, ६ आठवडे; ग्राहक पोर्टल १५० तास, १६ आठवडे; मासिक रिपोर्ट आपोआप काढणं ४५ तास, २ आठवडे; जुन्या डेटाची साफसफाई २० तास, ९ आठवडे. चारही प्रोजेक्ट चार वेगळ्या चौकोनांत. इतकं देखणं चित्र दिसलं की मला आधी शंका येते. कोण कोणावर अवलंबून आहे, हे टू-बाय-टूमध्ये कुठेच दिसत नाही. इथे विचारल्यावर कळतं की एकाच ग्राहकाच्या दुहेरी नोंदी काढल्याशिवाय बिलं जुळणारच नाहीत. म्हणजे साफसफाईतले ३ आठवडे खरं तर जुळवणीचे. जुळवणी ६ वरून ९ वर गेली, ८ ची रेषा ओलांडली, आणि ‘फायदा जास्त, मेहनत कमी’ म्हणजे ‘लगेच करा’ या चौकोनातला ठिपका शेजारच्या चौकोनात सरकला. ठिपका सरकवा आणि का सरकवला ते मेलमध्ये एका ओळीत सांगा. मॅनेजरने मीटिंगमध्ये विचारल्यावर सांगण्यापेक्षा ते बरं.

यानंतर चौकोन बाजूला ठेवून घातलेले तास किती दिवसांत भरून निघतात ते काढा. आठवड्याचे ४० तास धरले तर जुळवणीचे ३६० तास ३ महिन्यांत फिटतात, पोर्टलचे ६४० तास चार महिन्यांहून थोड्या जास्त काळात, आणि रिपोर्टचे ८० तास दोन महिन्यांच्या आत. चौकोनात ‘जमलं तर करू’ ठरलेला रिपोर्टच सगळ्यात लवकर फिटतो.

आता शिफारस: जुळवणी (साफसफाईच्या ३ आठवड्यांसह) आणि रिपोर्ट, मिळून ११ आठवडे; उरलेले ३ राखीव. पोर्टल या तिमाहीत नाही, उरलेली साफसफाईही नाही. ‘नाही’ हा शब्द लिहाच. ‘नंतर पाहता येईल’ म्हटलं की पोर्टलवाले दुसऱ्याच दिवशी दारात उभे.

पाठवण्याआधी शिफारस उलटी करून पाहा. जुळवणीचा फायदा निम्मा निघाला तर? महिन्याला ६० तासच वाचले तर ती सहा महिन्यांत फिटेल, म्हणजे पोर्टलपेक्षा उशिरा. तरीही पोर्टल १४ आठवड्यांत मावत नाही. पण आणखी ४ आठवडे मिळाले तर पोर्टल आणि रिपोर्ट मिळून १८ होतात, आणि तिथे खरा प्रश्न उभा राहतो. म्हणजे शिफारस टिकून आहे ती माणसांच्या संख्येवर, आणि ती मॅनेजरच्या हातात आहे. ही ओळ मेलमध्ये हवीच.

मेल आता पटकन लिहून होतो. विषयाच्या ओळीत निर्णय: ‘पुढची तिमाही: बिल जुळवणी आणि रिपोर्ट घ्यावेत, गुरुवारपर्यंत होकार हवा’. सुरुवात अशी: ‘नमस्कार मॅडम, १४ पैकी ११ आठवडे बिल जुळवणी आणि रिपोर्टवर घालावेत, ३ राखीव ठेवावेत, पोर्टल या तिमाहीत घेऊ नये, अशी माझी शिफारस आहे.’ मग चित्र, त्याखाली तेच आकडे साध्या मजकुरात, कारण मोबाईलवर ठिपक्यांची नावं वाचता येत नाहीत. त्यानंतर सरकवलेला ठिपका, मग ‘४ आठवडे वाढले तर’ची ओळ. एक्सेल शीट जोडा, पण ती न उघडता निर्णय घेता येतो का, हे स्वतःच्या फोनवर मेल पाठवून एकदा बघा.